सकाळी बोटं आखडतात आणि रिपोर्टमध्ये आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी लिहून येतं, त्याचा अर्थ कसा लावायचा

ताई ब्लाउज शिवतात. वय ४२. माझ्या लॅबमध्ये आल्या तेव्हा हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि तक्रार एकच, सकाळी कात्री धरता येत नाही. दुपारी येते, संध्याकाळी तर व्यवस्थित येते, पण सकाळी उठल्यावर मूठ मिटत नाही, कणीक नवरा मळतो, आणि मागच्या महिन्यात बांगड्या भरायला गेल्या तर नेहमीच्या मापाच्या बांगड्या पंजावरून वर सरकेचनात. रक्त काढताना मी त्यांचा पंजा बघितला, मधल्या बोटांच्या मुळाशी जे उंचवटे असतात त्यांच्यामधल्या खळग्या भरून आल्या होत्या, म्हणजे मूठ वळली की जी दरी दिसायला पाहिजे ती दिसतच नव्हती. तपासण्या होत्या आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, आणि शरीरात सूज किती आहे याचा अंदाज देणाऱ्या दोन, ईएसआर आणि सीआरपी.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मोबाईलवर गेला आणि पाच मिनिटांत फोन. "मॅडम, आरए फॅक्टर २४ आहे, लिमिट २० आहे, म्हणजे थोडासाच आहे ना? पण ते दुसरं १८६ आलंय आणि तिथे लिमिट १७ लिहिलंय, ते मशीन चुकलं का?"

मशीन चुकलेलं नव्हतं. पण प्रश्न अगदी बरोबर होता आणि असाच प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा येतो, म्हणून एकदा नीट लिहून काढते. मी लॅबवाली, त्यामुळे औषधांबद्दल फार बोलणार नाही, आकड्यांबद्दल बोलेन.

आधी सकाळच्या आखडण्याबद्दल, कारण या दोन तपासण्यांचा अर्थ तिथूनच सुरू होतो. सकाळी उठल्यावर अंग आंबल्यासारखं होणं हे चाळिशीनंतर कोणालाही होतं, गुडघा झिजला असेल तर पहिली दहा पावलं जड जातात आणि मग गाडी सुरू होते. हे बहुतेक अर्ध्या तासाच्या आत सुटतं. रुमॅटॉइड आर्थरायटिस, ज्याला आपल्याकडे बरेच जण आमवात म्हणतात, त्यात सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं. रात्रभर हालचाल नसल्यामुळे त्यात पाणी साठून राहतं, शिवाय सूज वाढवणारी जी रसायनं शरीर बनवतं त्यांची पातळी पहाटेच्या सुमाराला वर गेलेली असते, म्हणून हा ताठरपणा तासभर, दोन तास, कधी दुपारपर्यंत टिकतो आणि काम करत राहिलं की कमी होतो. झिजेचं दुखणं उलटं, काम केलं की वाढतं. त्यामुळे "सकाळी आखडतं का?" असं विचारून काही उपयोग नाही, सगळे हो म्हणतात. मी विचारते, कितीला उठता आणि किती वाजता हात नेहमीसारखे चालायला लागतात? ताई म्हणाल्या, सहाला उठते आणि साडेसातला पोरांचे डबे होतात तोवर हात माझे नसतात. झालं, दीड तास.

आता तपासण्या. आरए फॅक्टर हे नाव ऐकून वाटतं की हा त्या आजाराचाच काहीतरी घटक आहे, असला तर आजार, नसला तर नाही. तसं ते नाहीये, आणि माझ्या मते या नावानेच निम्मा घोळ घातलाय. आपल्या रक्तात अँटीबॉडी असतात, त्यांचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा धरा, दोन हात आणि एक शेपूट. हातांनी जंतू पकडायचा आणि शेपूट बाकीच्या पेशींना दाखवायची, की हा बघा पकडलाय, या. रुमॅटॉइड फॅक्टर म्हणजे अशी अँटीबॉडी जी जंतूला न पकडता दुसऱ्या अँटीबॉडीची शेपूटच पकडते. पोलिसानेच पोलिसाची कॉलर धरल्यासारखं. हे ऐकायला विचित्र वाटतं पण शरीर हे मुद्दाम करतं, कारण एखादं इन्फेक्शन फार दिवस चाललं की रक्तात जंतू आणि अँटीबॉडी यांची लहान लहान गाठोडी फिरायला लागतात आणि ती उचलून न्यायला या शेपूट-पकडू अँटीबॉडीचा उपयोग होतो. म्हणून टीबी, कुष्ठरोग, हेपटायटिस सी, हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन, असल्या लांबलेल्या आजारांत आरए फॅक्टर वर जाऊ शकतो, डोळे-तोंड कोरडं पडणाऱ्या श्योग्रेन नावाच्या आजारात तर बऱ्याचदा जातो, आणि धडधाकट माणसातही, शंभरात साधारण पाच जणांत, काही कारण नसताना सापडतो, म्हाताऱ्यांत त्याहून जास्त.

तो सापडला कसा तेही सांगते, कारण त्यातून कळतं की ही तपासणी नेमकं काय बघते. १९४० मध्ये नॉर्वेत ऑस्लोला एरिक वॉलर नावाचे डॉक्टर होते. मेंढीच्या तांबड्या पेशींवर सशाच्या अँटीबॉडीचा लेप दिला होता आणि त्यात एका सांधेदुखीच्या रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, घातल्यावर त्या पेशींच्या गुठळ्या झाल्या. १९४८ च्या सुमाराला अमेरिकेत हॅरी रोझ यांना तेच स्वतंत्रपणे दिसलं. पुढे मेंढी गेली आणि १९५६ मध्ये लेटेक्सचे बारीक मणी आले, आणि तीच लेटेक्स टेस्ट आजही लहान गावांतल्या लॅबमध्ये चालते. काळ्या काचेवर सीरमचा एक थेंब, पांढऱ्या लेटेक्सचा एक थेंब, काडीने मिसळायचं, काच हलवत राहायचं आणि दोन मिनिटांनी बघायचं. दह्यासारखं फुटलं तर पॉझिटिव्ह, दुधासारखं राहिलं तर निगेटिव्ह. इथे दोन मिनिटं म्हणजे दोनच मिनिटं. मी शिकत असताना एकदा फोन घ्यायला गेले, चार मिनिटांनी आले तर सगळ्या काचा पॉझिटिव्ह, कारण थेंब कडेने सुकला की लेटेक्स आपोआप दाणेदार दिसतो. परत केल्या तर एक सोडून बाकी सगळ्या निगेटिव्ह. तेव्हापासून कोणाच्या रिपोर्टवर फक्त "आरए फॅक्टर पॉझिटिव्ह" असं लिहिलेलं असलं, आकडा नसला, तर मी तो अर्धाच रिपोर्ट धरते. आकड्याची तपासणी मशीनवर होते, तिथे गुठळ्यांमुळे प्रकाश किती अडतो किंवा विखुरतो ते मोजलं जातं, आणि मग २४, ४१, ३०० असा आकडा येतो.

दुसरी तपासणी, अँटी-सीसीपी. हिचं पूर्ण नाव अँटी सायक्लिक सिट्रुलिनेटेड पेप्टाइड, आणि ते घाबरवणारं असलं तरी उलगडलं की सोपं आहे. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, त्यातला एक मणी आर्जिनिन. शरीरात एक एन्झाइम आहे जे या आर्जिनिनचा बसल्या जागी सिट्रुलिन करून टाकतं, माळ तीच, फक्त एका मण्याचा रंग बदलला. सिट्रुलिन हे नाव कलिंगडाच्या लॅटिन नावावरून आलंय, कारण ते पहिल्यांदा कलिंगडाच्या रसात सापडलं. (लगेच विचारू नका, कलिंगड खाल्ल्याने काही होत नाही, खाण्यातलं सुटं सिट्रुलिन वेगळं आणि माळेत बदललेला मणी वेगळा.) ही रंग बदलायची क्रिया आपल्या सगळ्यांच्या शरीरात होते, जिथे सूज आहे तिथे जास्त होते. बहुतेकांच्या बाबतीत शरीर त्याकडे दुर्लक्ष करतं. काही लोकांची प्रतिकारशक्ती मात्र हा बदललेला मणी बघते आणि म्हणते हा आपला नाही, आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवते. ती अँटीबॉडी पकडायची तर आमिष पाहिजे, म्हणून सिट्रुलिनवाला तुकडा प्रयोगशाळेत बनवतात आणि त्याची दोन टोकं जोडून गोल करतात, म्हणजे तो मणी बाहेरच्या बाजूला नीट दिसतो आणि अँटीबॉडी त्याला घट्ट चिकटते. सायक्लिक ते यासाठी. हा सगळा मामला सिट्रुलिनचा आहे हे १९९८ मध्ये नेदरलँड्सच्या नायमेखेन शहरातल्या संशोधकांनी दाखवलं आणि पुढच्या काही वर्षांत तपासणी बाजारात आली. म्हणजे आरए फॅक्टरपेक्षा जवळजवळ साठ वर्षांनी धाकटी.

फरक लक्षात आला का? आरए फॅक्टर सांगतो की प्रतिकारशक्ती बरेच दिवस काहीतरी उद्योगात आहे. कशात, ते सांगत नाही. अँटी-सीसीपी जी तक्रार पकडते ती बऱ्यापैकी याच आजाराची खास आहे, दुसऱ्या आजारांत ती क्वचित दिसते. क्वचित म्हटलं, कधीच नाही असं नाही, टीबीच्या काही रुग्णांत ही पण पॉझिटिव्ह येते, आणि आपल्या देशात टीबी विसरून चालत नाही.

२००७ मध्ये तोपर्यंतचे पुष्कळ अभ्यास एकत्र करून जो हिशोब मांडला गेला त्यात असं आलं की रुमॅटॉइड असलेल्या शंभर जणांपैकी आरए फॅक्टर ६९ जणांना पकडतो आणि अँटी-सीसीपी ६७ जणांना, म्हणजे पकडण्यात दोघं सारखेच. पण ज्यांना हा आजार नाही अशा शंभरांत आरए फॅक्टर १५ जणांवर उगाच आळ घेतो, अँटी-सीसीपी फक्त ५ जणांवर. या "आजार नाही" वाल्यांत सांध्यांच्या इतर आजारांचे लोकही धरलेले असतात, नुसते निरोगी घेतले तर दोन्हीचे आळ याहून कमी.

आता हे आकडे गावावर लावून बघू. पुणे जिल्ह्यात भिगवण आहे, तिथे नव्वदच्या दशकात घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली होती आणि त्यात रुमॅटॉइडचं प्रमाण हजारात साधारण पाच असं आलं होतं. समजा हजार माणसांच्या वस्तीत कोणीतरी उत्साहाने कॅम्प लावला आणि सगळ्यांचा आरए फॅक्टर काढला. खरे रुग्ण पाच, त्यातले तीन-चार पॉझिटिव्ह येणार. उरलेले ९९५, त्यांतले शंभरात पाच म्हणजे पन्नासेक जण उगाच पॉझिटिव्ह. एकूण त्रेपन्न-चोपन्न लोकांच्या हातात "पॉझिटिव्ह" लिहिलेला कागद आणि त्यातले खरे तीन-चार! बाकीचे पन्नास जण घरी जाऊन गुगल करणार. अँटी-सीसीपी काढली तर निरोगी माणसांत ती शंभरात एखाद-दुसऱ्याला येते, म्हणजे दहा ते वीस जण उगाच आणि तीन खरे, बरं आहे पण फार बरं नाही. फुल बॉडी पॅकेजमध्ये "आर्थरायटिस प्रोफाइल" म्हणून जे घुसवलेलं असतं ना, त्याचा हा हिशोब आहे. मी लॅब चालवते आणि तरी सांगते, सांधा सुजलेला नसताना हौस म्हणून ही तपासणी करू नका.

आता तेच उलटं. शंभर माणसं अशी घ्या ज्यांची बोटांची मुळं सहा आठवड्यांहून जास्त सुजलेली आहेत आणि सकाळी तासभर हात चालत नाहीत, आणि समजा त्यातल्या पन्नास जणांना खरंच रुमॅटॉइड आहे. इथे अँटी-सीसीपी खऱ्यांपैकी तेहतीस-चौतीस पकडेल आणि उगाच फक्त दोन-तीन. म्हणजे पॉझिटिव्ह आली की बहुतेक खरीच. तपासणी तीच, बाटली तीच, मशीन तेच, फक्त रक्त कोणाचं काढलं त्यावर अर्थ फिरला. पण याच शंभरांत निगेटिव्ह आलेले चौसष्ट, आणि त्यांत सोळा-सतरा जण असे की ज्यांना आजार आहे. चारातला एक. म्हणून सुजलेल्या बोटांवर "अँटी-सीसीपी निगेटिव्ह, म्हणजे वात नाही" असं कोणी म्हणालं तर ते ऐकू नका. दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आणि तरी रुमॅटॉइड, असे रुग्ण भरपूर असतात, त्याला सिरोनिगेटिव्ह म्हणतात.

ताईंकडे परत येऊ. त्यांचा ईएसआर ४८ होता, सीआरपीही वाढलेला. डॉक्टरांनी तपासल्यावर सांधे मोजले: दोन्ही हातांची तर्जनी आणि मधलं बोट यांची मुळं म्हणजे चार, मधल्या बोटांचे मधले पेर दोन, दोन्ही मनगटं, एकूण आठ. २०१० पासून अमेरिका आणि युरोपातल्या सांधेतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून केलेली एक गुणपद्धत वापरतात, दहापैकी सहा मिळाले की रुमॅटॉइड धरायचं. मुळात संशोधनासाठी केलेली आहे, पण दवाखान्यातही विचाराला शिस्त लावते. अट एकच, निदान एक सांधा खरोखर सुजलेला पाहिजे, नुसता दुखरा नाही, आणि त्याला दुसरं चांगलं कारण सापडलेलं नसावं. मग गुण: चार ते दहा लहान सांधे धरलेले असले तर तीन (मनगट लहान सांध्यात मोजतात). रक्तात दोन्हीपैकी एक तरी जास्त पॉझिटिव्ह असेल तर तीन, थोडी पॉझिटिव्ह असेल तर दोन, काहीच नसेल तर शून्य. ईएसआर किंवा सीआरपी वाढलेला असेल तर एक. सहा आठवडे किंवा जास्त झाले तर एक.

इथे "थोडी" आणि "जास्त" याला नेमका अर्थ आहे. त्या लॅबच्या लिमिटच्या तिप्पट. ताईंचा आरए फॅक्टर २४, लिमिट २०, तिप्पट म्हणजे ६०, तर हा थोडा. अँटी-सीसीपी १८६, लिमिट १७, तिप्पट ५१, त्याच्या कितीतरी वर, तर ही जास्त. दोनपैकी जी वरचढ ती धरायची. तीन, तीन, एक, एक. आठ गुण.

समजा त्यांची अँटी-सीसीपी निगेटिव्ह आली असती आणि फक्त तो २४ चा आरए फॅक्टर असता? तीन, दोन, एक, एक, सात, तरी पार. आणि दोन्ही निगेटिव्ह असत्या तर तीन, शून्य, एक, एक म्हणजे पाच, एक गुण कमी, आजार नाही असं नव्हे, पण मग डॉक्टर सोनोग्राफीने सांध्याचं अस्तर बघतील, काही आठवड्यांनी परत सांधे मोजतील, दहाच्या वर सांधे धरले तर नुसत्या सांध्यांचेच पाच गुण मिळतात आणि रक्ताची गरजच उरत नाही.

त्या तिप्पटच्या भानगडीमुळेच लॅब बदलून आकड्यांची तुलना करू नये. अँटी-सीसीपीचं लिमिट एका कंपनीच्या किटमध्ये ५, दुसरीत १७, तिसरीत २० असं असतं, आणि एकाच रक्ताचा आकडा तीन ठिकाणी तीन येतो. "तिकडे ४० होता इकडे १२० आला, वाढला हो" म्हणून रडवेले झालेले लोक मी बघितलेत. आकडा नाही, लिमिटच्या किती पट ते बघा. रिपोर्टवर लिमिट छापलेलंच नसेल तर मागून घ्या. आणि हो, दोन्हीसाठी उपाशी राहावं लागत नाही, लोक उगाच चहा सोडून येतात.

ताईंबरोबर त्यांच्या सासूबाई आल्या होत्या, ६२ वर्षांच्या, त्यांचा आरए फॅक्टर ४१. सुनेपेक्षा जास्त! आणि सगळ्या घराचा समज असा की सासूबाईंचा वात मोठा. पण त्यांना विचारलं तर गुडघे जिने उतरताना दुखतात, सकाळी दहा मिनिटांत मोकळे होतात, आणि बोटांच्या गाठी आहेत त्या नखाजवळच्या पेरावर, दाबल्या तर हाडासारख्या टणक. रुमॅटॉइडची सूज बहुतेक बोटाच्या मुळाशी, मधल्या पेरात आणि मनगटात असते, नखाजवळचा पेर तो सहसा सोडतो, इतका की त्या गुणपद्धतीत तो पेर मोजतच नाहीत. आणि ती सूज मऊ असते, पिकत आलेल्या द्राक्षासारखी दबते. अँटी-सीसीपी निगेटिव्ह, ईएसआर वयाच्या मानाने ठीक, एक्स-रेमध्ये गुडघ्याची फट कमी झालेली. झीज. तो ४१ म्हणजे वयाचा पाहुणा. पण सहा वर्षांपूर्वी कुठल्यातरी कॅम्पात त्यांना आरए पॉझिटिव्ह सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्या कोणाकडून तरी वाताच्या पुड्या आणून खात होत्या, ज्यांनी भूक वाढते, चेहरा गोल होतो आणि दुखणं जादूसारखं थांबतं. पुडीवर काही लिहिलेलं नसतं पण या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की स्टिरॉइडचा संशय येतोच, आणि त्यांची शुगर तेव्हापासूनच सुरू झालेली. चुकीच्या वाचनाची किंमत अशी असते. आणि दुसरा तोटा असा की खरा रुग्ण असल्या पुड्या खाऊन आला की डॉक्टरांना सूजच दिसत नाही, ईएसआर पण खाली आलेला असतो, आणि मोजायचं काय? अँटी-सीसीपी मात्र अशाने चटकन जात नाही, म्हणून अशा वेळी तिचा आधार होतो.

आपल्याकडे अजून एक घोटाळा, चिकनगुनिया. ताप जातो आणि दोन्ही हातांचे, पायांचे लहान सांधे सुजून बसतात, सकाळी आखडतात, अगदी रुमॅटॉइडची नक्कल, आणि काही जणांत आठवडे नाही तर महिने चालतं. आरए फॅक्टर यातही कधी कधी थोडा वर येतो, अँटी-सीसीपी सहसा येत नाही. व्हायरसने आलेली बरीचशी सांधेसूज काही आठवड्यांत ओसरते, त्यामुळे सहा आठवडे या अटीला वजन आहे. तापानंतर दहाव्या दिवशी आरए फॅक्टर काढून काही साधत नाही. पण "चिकनगुनियाच आहे, वर्षभर राहतो" म्हणून सूज अंगावर काढणंही बरोबर नाही, कारण खरा रुमॅटॉइड असेल तर त्या वर्षात हाड कुरतडलं जातं आणि ते परत भरून येत नाही.

मग राहतो तो प्रकार ज्यात मला सगळ्यात जास्त सांभाळून बोलावं लागतं. अँटी-सीसीपी जास्त पॉझिटिव्ह, सकाळी थोडं आखडतं, पण सांधा एकही सुजलेला नाही. हे खोटं पॉझिटिव्ह असेलच असं नाही. नेदरलँड्समध्ये रक्तदात्यांच्या जपून ठेवलेल्या बाटल्या काढून बघितल्या होत्या, ज्यांना पुढे रुमॅटॉइड झाला त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांच्या जुन्या रक्तात यातली एक तरी अँटीबॉडी आधीच होती, काहींत बरीच वर्षं आधी. म्हणजे रक्तात भांडण सुरू होतं आणि सांध्यात पोचायला वेळ लागतो, काहींत पोचतही नाही. अशा माणसाला आजारी म्हणता येत नाही आणि बिनधास्त घरीही पाठवता येत नाही. सांधेतज्ज्ञाला एकदा दाखवायचं, सूज दिसली की लगेच परत जायचं, आणि बिडी-सिगारेट असेल तर ती बंद. हे शेवटचं नेहमीचं लेक्चर म्हणून नाही, धुराने फुफ्फुसात त्या मण्यांचे रंग बदलतात, आणि ज्यांच्यात विशिष्ट आनुवंशिक ठेवण आहे त्यांच्यात तिथूनच ही अँटीबॉडी सुरू होत असावी असा बराच पुरावा आहे. हिरड्यांच्या जुन्या आजाराचंही तसंच नाव घेतलं जातं, तिथल्या एका जंतूकडे तर हा मणी बदलणारं स्वतःचं एन्झाइम आहे. बायका मला मशेरीचं विचारतात. स्वीडनमध्ये ओठाखाली तंबाखू ठेवणाऱ्यांचा अभ्यास झाला त्यात सांध्यांचा हा धोका वाढलेला दिसला नाही, म्हणजे भानगड धुराची दिसते. तोंडाच्या कॅन्सरचं काय, ते वेगळं, मशेरीला मी परवानगी दिली असं घरी सांगू नका.

ताईंना सांधेतज्ज्ञांनी औषध सुरू केलं, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, रोज नाही, आणि तो वार त्यांनी शिलाई मशीनवर खडूने लिहून ठेवला. १८६ सारखा आकडा असला की सांध्याचं हाड लवकर कुरतडलं जायची शक्यता जास्त असते, त्यामुळे डॉक्टर थांबत नाहीत, हात आणि पायाचे एक्स-रे काढून लगेच सुरू करतात. या आकड्याचा खरा उपयोग तेवढाच, सुरुवातीला एकदा.

पाच महिन्यांनी ताई परत आल्या, मला म्हणाल्या, "मॅडम, ते १८६ वालं परत करा, किती उतरलं बघू." मी केलं नाही. हजाराच्या आसपास पैसे जातात आणि त्या आकड्यावरून औषधाचा गुण कळत नाही, माणूस चांगला बरा असतो आणि अँटी-सीसीपी तिथल्या तिथेच असते, मग उगाच घाबरून गोळी बदलायची मागणी. औषध लागू पडतंय का ते सुजलेले सांधे मोजून, ईएसआर-सीआरपी बघून आणि सकाळी हात किती वाजता चालायला लागतात ते विचारून कळतं, आणि लिव्हर, रक्तपेशी या तपासण्या गोळीसाठी करायच्या असतात त्या वेगळ्या. ईएसआर १९ आला. सहाला उठते आणि सव्वासहाला हात माझे असतात, म्हणाल्या. मग पदराखालून हात पुढे काढला, हिरव्या बांगड्या होत्या, मात्र माप एक नंबर मोठं घेतलं होतं, म्हणाल्या कासार म्हणाला राहू द्या यावेळी, पुढच्या वेळी बघू.